धागा: सप्ताहाचं लाइव्ह कीर्तन फाइलमध्ये पूर्ण उतरत नाहीये, मधेच तुटतं. उपाय हवा

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव नेवासे तालुक्यात, मी सध्या आयर्लंडमध्ये. गावात दत्तजयंतीचा सप्ताह सुरू झालाय. रोज संध्याकाळी ७ ते ९ कीर्तन असतं आणि मंडळाने एका कंपनीकडून ऑडिओ स्ट्रीमची सेवा भाड्याने घेतली आहे. एमपी३, ६४ केबीपीएस, आइसकास्ट सर्व्हर. तिकडे ७ वाजतात तेव्हा इथे दुपारचे दीड, मी कामावर. म्हणून घरच्या रास्पबेरी पायवर आपोआप रेकॉर्डिंग लावलंय. महाराजांची आणि मंडळाची परवानगी आहे. सात दिवसांची कीर्तनं गावाच्या वाचनालयालाही द्यायची आहेत.

पहिल्या दिवशी `ffmpeg` ने थेट `.m4a` मध्ये घेतलं. मधे घरातली वीज गेली. फाइल ४१ एमबीची दिसते, पण उघडायला गेलं की `moov atom not found`. पूर्ण कीर्तन गेलं.

दुसऱ्या दिवशी `-c copy` करून `.mp3` घेतलं. घरी येऊन बघतो तर कमांड चालूच होती, कुठे लाल अक्षर नाही, आणि फाइल मात्र ३७ मिनिटांवर थांबलेली. अभंग सोडवायला घेतला होता आणि दृष्टांताच्या मध्यावर आवाज संपतो.

अजून पाच दिवस आहेत. काय करू?

अनुस्वार

व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये नेटवर्क कॅशिंग वाढवा. मी ३००० ठेवलंय, आवाज अजिबात अडखळत नाही.

प्रवराकाठ

धन्यवाद, पण मला ऐकताना अडचण नाही. त्या वेळी मी घरातच नसतो. कोणी समोर नसताना फाइल पूर्ण उतरायला हवी.

खुंटी

सोपं आहे. `ffmpeg` मध्ये पुन्हा जोडायची सोय आहेच. तीन पर्याय लावा आणि विसरून जा:

```
ffmpeg -reconnect 1 -reconnect_streamed 1 \
  -reconnect_delay_max 30 -i "$url" -c copy kirtan.mp3
```

कनेक्शन गेलं की स्वतःच परत जोडतं. जास्तीत जास्त ३० सेकंद थांबून सारखा प्रयत्न करत राहतं.

आणि पहिल्या दिवसाच्या फाइलबद्दल: एमपी४ किंवा एम४ए फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधी वीज गेली, म्हणून प्लेअरला आत काय कुठे आहे ते कळत नाही. `untrunc` नावाचं साधन आहे, त्याच सेटिंगने केलेली एखादी धड फाइल नमुना म्हणून दिली तर बऱ्याचदा वाचवता येते. टाकून देऊ नका.

निशिगंधा

खुंटी, अनुक्रमणिकेचं अगदी बरोबर. पण त्या तीन पर्यायांवर भिस्त ठेवून मी स्वतः पूर्वी फसले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी काही वर्षं एका छोट्या इंटरनेट रेडिओचा सर्व्हर सांभाळते.

`reconnect_delay_max` चा अर्थ “दर ३० सेकंदांनी कायम प्रयत्न” असा नाही. `ffmpeg` आधी लगेच जोडून बघतं, मग १ सेकंद थांबून, मग ३, ७, १५. पुढचा आकडा ३१ येतो. तो तुमच्या ३० पेक्षा मोठा, म्हणून तिथे ते हात टेकतं आणि बंद होतं. म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. घरचा राउटर रीस्टार्ट व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

दुसरं, प्रवराकाठ यांचं दुसऱ्या दिवशी जे झालं ते या पर्यायांनी सुटत नाही. तिथे कनेक्शन तुटल्याचं कोणी कळवलंच नाही. मधल्या कुठल्यातरी राउटरने जोडणीची नोंद टाकून दिली की दोन्ही टोकांना वाटतं समोरचा गप्प आहे. `ffmpeg` बिचारं वाट बघत बसतं. त्यासाठी `-rw_timeout` लागतो, आणि तो मायक्रोसेकंदात असतो, म्हणजे ५ सेकंदांसाठी `5000000`.

पण मला सर्वांत खटकतं ते तिसरं. कच्च्या एमपी३ प्रवाहात वेळेचे शिक्के नसतात. पुन्हा जोडल्यावर `ffmpeg` पुढचा आवाज आधीच्याला सरळ चिकटवतं. फाइल सलग वाजते, कुठेही शांतता ऐकू येत नाही, आणि मधलं वाक्य गेलंय हे कळायला काही मार्गच उरत नाही. कीर्तनात हे फार वाईट, कारण अर्धा दृष्टांत दुसऱ्याच अभंगाला जोडला जातो.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. पुन्हा जोडायचं काम रेकॉर्ड करणाऱ्याला द्यायचंच नाही. जरा शंका आली की त्याने मरावं, आणि बाहेरच्या लूपने नवी फाइल सुरू करावी, नावात घड्याळाची वेळ घालून. मग किती गेलं आणि कुठे गेलं हे कागदावर मांडता येतं. साध्या एमपी३ स्ट्रीमला `ffmpeg` ची गरजही नाही, `curl` पुरतं:

```
#!/bin/bash
export TZ=Asia/Kolkata
url="$1"
while true; do
  f="kirtan_$(date +%F_%H-%M-%S).mp3"
  curl -sfL --connect-timeout 5 \
    --speed-limit 1000 --speed-time 5 -o "$f" "$url"
  r=$?
  echo "$(date +%T) $r $f" >> log.txt
  sleep 1
done
```

प्रवाह सेकंदाला १००० बाइटच्या खाली गेला आणि ५ सेकंद तसाच राहिला, तर `curl` स्वतः सोडून देतं. क्रॉनमध्ये `timeout 3h ./rec.sh "पत्ता"` असं लावा, म्हणजे तीन तासांनी सगळं बंद होईल. वेळ भारताचीच ठेवली आहे, गावाकडच्या माणसांशी पडताळायला सोपं जातं.

खुंटी

३१ चं मला खरंच माहीत नव्हतं. लॉगमध्ये `Will reconnect at ... in 15 second(s)` अशी ओळ शेवटची असायची आणि मला वाटायचं सर्व्हरच मेला. पण तुकडे केल्यावर प्रत्येक सांध्याला काही सेकंद जाणारच ना? ५ थांबायचे, १ झोपायचं, मग जोडायचं.

निशिगंधा

जायलाच हवेत असं नाही. आइसकास्ट नवीन श्रोता आला की त्याला आत्ताचा आवाज थेंबाथेंबाने देत नाही, आधी मागचा साठवलेला थोडा भाग एका दमात देतं, म्हणजे प्लेअर लगेच वाजायला लागतो. सेटिंगचं नाव `burst-size`, मूळ किंमत साधारण ६५ हजार बाइट. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ हजार बाइट. म्हणजे तुम्ही पुन्हा जोडलं की सर्व्हर सुमारे ८ सेकंद मागून सुरू करतो. तुमची फट ८ सेकंदांच्या आत असेल, तर काहीच जात नाही. उलट थोडा भाग दोन्ही फाइलींत येतो.

प्रवराकाठ, सर्व्हर भाड्याचा आहे, तेव्हा त्यांनी किंमत बदलली आहे का ते मोजून घ्या. स्ट्रीम चालू असताना हे करा:

```
timeout 3 curl -s "$url" | wc -c
```

३ सेकंदांत रोजच्या वेगाने २४ हजार यायला हवेत. वर जे येईल तो मागचा साठा.

साऊंडवाला_बाळू

राम कृष्ण हरी. एवढा उपद्व्याप कशाला म्हणतो मी? मिक्सरला पेनड्राइव्ह लावा, रेकॉर्डचं बटण दाबा, विषय संपला. आमच्याकडं वीस मंडपांची कामं असतात, सगळीकडं हेच. फक्त एक बघायचं, वेव्ह फाइल ४ जीबीला तुटते. पेनड्राइव्ह तसा फॉरमॅट केलेला असतो. स्टिरिओला पावणेसात तास मिळतात, कीर्तनाला भरपूर.

प्रवराकाठ

बाळूदादा, राम कृष्ण हरी. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आमच्या साऊंडवाल्यांचा मिक्सर जुना आहे, त्याला ती सोय नाही. तरी उद्या पुन्हा फोन करतो.

निशिगंधाताई, मोजलं. ८७,६१२ आले. म्हणजे २४ हजार वजा करून ६३ हजारांच्या पुढे, आठ सेकंद धरायला हरकत नाही. आज चौथ्या दिवसाला तुमची स्क्रिप्ट लावली आहे.

मोगरा_७७

आमच्या गावचा सप्ताह यूट्यूबवर लाइव्ह असतो. तिथे मी `yt-dlp --live-from-start` वापरते. उशिरा सुरू केलं तरी पहिल्यापासून मिळतं, नेट गेलं तरी परत आल्यावर मागचं घेते. तुम्हीही यूट्यूबवर न्या ना.

निशिगंधा

मोगराताई, तुमचं चालतं कारण तिथे प्रक्षेपण छोट्या छोट्या तुकड्यांत सर्व्हरवर पडून असतं आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. तुकडा अजून तिथे आहे तोवर परत मागता येतो. आइसकास्टचं तसं नाही, ते नळासारखं वाहतं. मागचे आठ सेकंद सोडले तर गेलेलं गेलं. मंडळाला जमत असेल तर तुमचा मार्ग चांगलाच, पण चालू सप्ताहात बदल करायला मी सांगणार नाही. मंडपातून व्हिडिओ चढवायला ६४ केबीपीएसपेक्षा कितीतरी जास्त नेट लागतं.

प्रवराकाठ

चौथ्या दिवसाचा लॉग. फाइलनावांतली तारीख काढून टाकली आहे. मधल्या सारख्या ओळी वगळल्या आहेत.

```
19:41:16 28 18-55-02.mp3
19:58:40 0  19-41-17.mp3
19:58:42 22 19-58-41.mp3
...
20:01:28 22 20-01-27.mp3
21:12:03 0  20-01-29.mp3
```

तीन फाइली मिळाल्या. पहिल्या आणि दुसऱ्या फाइलीत तो दोन्हीकडे आलेला भाग ऑडॅसिटीत कान लावून शोधला, सापडत नाही. “नामा म्हणे” वर पहिली संपते आणि दुसरी मृदंगाच्या तोडीवर सुरू होते. मधे काहीतरी गेलंय. आणि ते `22` काय आहे?

निशिगंधा

लॉग छान आला आहे, यातून सगळं कळतं.

`22` म्हणजे सर्व्हर जागेवर होता, पण त्याने “असा स्ट्रीम नाही” असं उत्तर दिलं. त्याआधीची ओळ `0` आहे, म्हणजे सर्व्हरने स्वतः व्यवस्थित दार लावलं. दोन्ही मिळून अर्थ एकच: मंडपातून सर्व्हरकडे येणारा आवाजच १९:५८ ते २०:०१ बंद होता. मोबाइल नेट गेलं असेल किंवा लॅपटॉप. तुमच्याकडे काहीही चुकलेलं नाही. ही पावणेतीन मिनिटं सर्व्हरपर्यंत पोचलीच नाहीत, ती ऐकणाऱ्या बाजूने कोणालाच मिळणार नाहीत. तुमच्या घरचं नेट गेलं असतं तर `6` दिसला असता, किंवा `28` च्या ओळींवर ओळी.

एक सुधारणा करा. `22` आला तर १ ऐवजी ५ सेकंद झोपू द्या. दर सेकंदाला दार वाजवणाऱ्याला काही कंपन्या आपोआप बंदी घालतात. मंडप परत आल्यावर ५ सेकंद उशिरा जोडलं तरी साठ्यातून सुरुवातीचं मिळतंच.

आता १९:४१ चं. इथे चूक माझी आहे. `curl` वेग मोजतं तो त्या क्षणाचा नसतो, गेल्या काही सेकंदांची सरासरी असते. प्रवाह थांबला तरी ८ हजारांची सरासरी १ हजाराच्या खाली यायलाच चार-पाच सेकंद गेले, आणि त्यानंतर तुमचे ५ मोजायला सुरुवात झाली. म्हणजे आवाज थांबला साधारण १९:४१:०६ ला. `curl` ने सोडलं १९:४१:१६ ला, नवी फाइल १९:४१:१७ ला, आणि सर्व्हरने ८ सेकंद मागून दिलं म्हणजे १९:४१:०९ पासून. मधले ३ सेकंद गेले.

उंबरठा वर घ्या, वेळ कमी करा:

```
--speed-limit 4000 --speed-time 3
```

सरासरी निम्म्यावर यायला अडीच-तीन सेकंद, वर ३, वर झोपेचा १. सातच्या आत बसतं.

खुंटी

इतकं कडक ठेवलं तर नेट जरा अडखळलं तरी विनाकारण तुटेल. माझ्याकडे संध्याकाळी असं रोज होतं. तीस फाइली होतील.

निशिगंधा

होऊ देत. प्रत्येक सांध्याला दोन्हीकडे थोडा भाग सामाईक असेल तर तुटण्याची किंमत शून्य आहे. आणि सांधा कानाने शोधायचीही गरज नाही. सर्व्हर आवाज पुन्हा एन्कोड करत नाही, मंडपातून आलेले बाइट जसेच्या तसे सगळ्यांना वाटतो. म्हणजे दुसऱ्या फाइलीचे पहिले बाइट पहिल्या फाइलीच्या शेपटीत अक्षर न अक्षर सापडतात:

```
a = open("1.mp3", "rb").read()
b = open("2.mp3", "rb").read()
i = a.rfind(b[:2000])
if i < 0:
    print("सामाईक भाग नाही")
else:
    open("jod.mp3", "wb").write(a[:i] + b)
```

२००० बाइट म्हणजे पाव सेकंद. सापडलं की तिथे कापून दुसरी फाइल लावायची. सांधा ऐकूच येत नाही, कारण खरं म्हणजे सांधा उरतच नाही. याच कारणासाठी मी इथे `ffmpeg` टाळते. ते फाइलीच्या सुरुवातीला स्वतःचं थोडं लिहितं, मग पहिले २००० बाइट जुळत नाहीत.

एक धोका आहे. माइक पूर्ण बंद असेल तर एन्कोडर तीच ती शांतता पुन्हा पुन्हा लिहितो आणि चुकीच्या जागी जुळू शकतं. मंडपातला माइक चालू असला तर पंखा, टाळ, माणसं, काहीतरी असतंच, त्यामुळे सहसा अडत नाही. तरी जोडल्यावर तेवढे दहा सेकंद ऐकून घ्या.

अनुस्वार

नेटच मिनिटभर गेलं तर? आठ सेकंदांचा साठा काय पुरणार.

निशिगंधा

नाही पुरणार. मिनिटभर गेलं तर बावन्न सेकंद गेले. त्याला एकच इलाज, दुसऱ्या घरातून, दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून हीच स्क्रिप्ट चालवायची. बाइट तेच असल्यामुळे त्याच्या फाइलीतला तुकडा तुमच्या फाइलीत याच पद्धतीने बसवता येतो. स्वतःचा सर्व्हर असता तर मी `dump-file` लावून सर्व्हरवरच लिहायला सांगितलं असतं, म्हणजे हा घरापर्यंतचा प्रवासच टळतो. कंपनीला विचारून बघा, देत असतील तर.

खुंटी

प्रवराकाठ, मी नाशिकला आहे, उद्यापासून माझ्या जुन्या लॅपटॉपवर लावतो. पत्ता व्यनि करा.

प्रवराकाठ

खुंटी, केला. मनापासून आभार. कंपनीकडून `dump-file` ला नकार आला, आमच्या पॅकेजमध्ये नाही म्हणाले.

पाचवा आणि सहावा दिवस सांगतो. नवीन आकड्यांनी पाचव्या दिवशी अकरा फाइली झाल्या. दहाच्या दहा सांधे स्क्रिप्टने जुळवले. सहाव्या दिवशी माझ्याकडचं नेट २०:१४ ते २०:१६ गेलं होतं, लॉगमध्ये `6` च्या ओळी आहेत. तो भाग खुंटींच्या फाइलीतून घेतला, दोन्ही टोकं जुळली. मला वाटलं नव्हतं की डब्लिन आणि नाशिकच्या फाइलीत बाइटसुद्धा तेच असतील.

साऊंडवाला_बाळू

तुमच्या गावच्या साऊंडवाल्याला सांगा, मिक्सरच्या टेप आउटमधून लॅपटॉपला वायर जाते ना स्ट्रीमिंगची, त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड होतं. बट नावाचं सॉफ्टवेअर असंल तर त्यात रेकॉर्डचं बटण आहेच, स्ट्रीम चालू असताना दाबायचं. नेट गेलं तरी ते लिहीत राहतं. काल्याच्या आधी एवढं कराच. काल्याला गर्दी असती, हजारभर मोबाइल एका टॉवरवर. नेट हमखास जातं.

निशिगंधा

बाळूदादांचं ऐका. मंडपाचं नेट जाईल त्याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नाही, त्यांच्याकडे आहे.

प्रवराकाठ

दादा, तुमचं बघून फोन केला. बटच आहे. लॅपटॉपवर बसणाऱ्या मुलाला बटण दाखवलं, त्याने काल्याला सकाळी पावणेदहालाच दाबलं.

काल्याचं कीर्तन १० ते १२, माझे पहाटे साडेचार, त्यामुळे लाइव्हही ऐकलं. दहीहंडी फुटायच्या सुमारास तीनदा `0` आणि मागे `22`, एकदा तर चार मिनिटं. पण लॅपटॉपवरची फाइल सलग २ तास ३१ मिनिटांची आली आहे.

आता एक अडलंय. त्या फाइलीत मधे पाचेक ठिकाणी अगदी बारीक खट असा आवाज आहे. माझ्या स्ट्रीमवाल्या तुकड्यांतही त्याच जागी आहे, म्हणजे नेटचा दोष नसावा.

साऊंडवाला_बाळू

वायर असंल. पिन सैल झाली की करतं.

निशिगंधा

असू शकेल. किंवा लॅपटॉपच्या साऊंड कार्डला वेळेवर आवाज उचलता आला नसेल, त्यालाही असाच खट येतो. एक खट असलेला दहा सेकंदांचा तुकडा इथे चढवा. ऑडॅसिटीत मोठं करून बघते. लाटेत नमुने गाळलेले दिसले तर कार्ड, उभी सुई दिसली तर बाळूदादांची पिन.

प्रवराकाठ

आज रात्री चढवतो. चौथ्या दिवसाची ती पावणेतीन मिनिटं मात्र अजून हवी आहेत. गावातल्या कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय का ते विचारतोय.